रात्री वाचायला लाइट की डार्क? एकाच अॅपचे दोन स्क्रीनशॉट घेऊन कॉन्ट्रास्ट कसा तपासायचा

डार्क मोड सुरू केला की पडदा शांत होतो, पण दहा-पंधरा मिनिटांनी डोळे ताणल्यासारखे वाटतात आणि बोट आपोआप ब्राइटनेसच्या पट्टीकडे जातं. असं का होतं, हे अंदाजाने ठरवण्याची गरज नाही. त्याच अॅपच्या त्याच पानाचे लाइट आणि डार्क असे दोन स्क्रीनशॉट घेतले, त्यातले रंग मोजले आणि मग अंधाऱ्या खोलीत फोन हातात घेऊन एक छोटी चाचणी केली, तर कारण आकड्यांत सापडतं.

बहुतेक जण अशी तुलना करताना फक्त लेखाचा मुख्य मजकूर बघतात. तो डार्क मोडमध्ये जवळजवळ नेहमीच ठळक असतो, म्हणून अॅप पास होतं. माझं मत असं की रात्रीच्या वाचनात निकाल मुख्य मजकूर देत नाही. तो देतो त्या पडद्यावरचा सगळ्यात फिका, पण वाचणं गरजेचं असलेला मजकूर: तारीख, फोटोखालची ओळ, तळटीप, लिंक. तो दिसेना की वाचक ब्राइटनेस वाढवतो, आणि मग आधीच उजळ असलेला मुख्य मजकूर डोळ्यांत घुसायला लागतो. खालची सगळी पद्धत हा फिका मजकूर शोधून काढण्यासाठी आहे.

उदाहरण म्हणून लेख वाचण्याचं एक अॅप घेऊ. लाइट मोडमध्ये पांढऱ्या पानावर `#212121` हा जवळजवळ काळा मजकूर आहे, डार्क मोडमध्ये `#121212` या गडद राखाडी पानावर `#E0E0E0` मजकूर. तारीख आणि फोटोओळी दोन्हीकडे `#757575`, लिंक दोन्हीकडे निळी `#1565C0`. वाचकाने पिवळ्या रंगाने खूण केलेली एक ओळही पानावर आहे.

स्क्रीनशॉट घेण्याआधी

पान असं निवडा की त्यात मुख्य मजकूर, शीर्षक, तारीख, एखादी लिंक, एखादी खूण केलेली ओळ आणि एक चित्र एका पडद्यात मावेल. नुसत्या परिच्छेदांचं पान घेतलंत तर तपासण्यासारखं काही हातात राहत नाही. मराठीत वाचणार असाल तर पानही मराठीच घ्या. इंग्रजी मजकुरावर केलेली चाचणी देवनागरीला तशीच लागू पडत नाही, त्याचं कारण पुढे येईल.

दोन्ही मोडमध्ये अक्षरांचा आकार, फॉन्ट आणि स्क्रोलची जागा तीच ठेवा. काही अॅप पानाची थीम आणि अक्षरांची जाडी एकत्र बदलतात. तसं असेल तर लिहून ठेवा, कारण मग तुलना फक्त रंगांची उरत नाही.

स्क्रीनशॉट नेहमीच्या बटणांनी घेतला तरी चालतो. अँड्रॉइड फोन केबलने संगणकाला जोडलेला असेल, यूएसबी डीबगिंग सुरू असेल आणि संगणकावर adb हे साधन असेल, तर पुढचे आदेश जास्त सोयीचे पडतात. मोड बदलताना बोट पडद्याला लागत नाही, त्यामुळे स्क्रोल हलण्याची शक्यता कमी होते.

```
adb shell cmd uimode night no
adb exec-out screencap -p > light.png
adb shell cmd uimode night yes
adb exec-out screencap -p > dark.png
```

दुसऱ्या स्क्रीनशॉटआधी दोन-तीन सेकंद थांबा. मोड बदलताना पान हळूहळू काळवंडतं, आणि घाई केली तर मधलाच एखादा रंग टिपला जातो. अॅपची स्वतःची थीम सेटिंग असेल आणि ती फोनच्या सेटिंगप्रमाणे बदलत नसेल, तर ती अॅपमध्ये जाऊन हातानेच बदलावी लागेल.

फाइल पीएनजीच हवी. जेपीजी फाइल लहान करण्यासाठी शेजारच्या पिक्सेलचे रंग थोडे थोडे बदलते, आणि हा फेरफार नेमका अक्षरांच्या कडांवर जास्त होतो. काही फोन स्क्रीनशॉट जेपीजीतच साठवतात, म्हणून फाइलचं नाव बघून खात्री करा. मेसेजिंग अॅपमधून संगणकावर पाठवणार असाल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आयफोनच्या स्क्रीनशॉटबद्दल एक बारकावा. त्यांना बहुधा डिस्प्ले पी३ हे रंगांचं प्रोफाइल जोडलेलं असतं. राखाडी छटांना त्याने फरक पडत नाही, पण निळ्या लिंकसारख्या रंगीत मजकुराचे आकडे थोडे वेगळे येतात. रंगीत मजकूर मोजण्याआधी फाइल एसआरजीबी या नेहमीच्या प्रोफाइलमध्ये बदलून घ्या.

स्क्रीनशॉटमध्ये काय येतं आणि काय येत नाही

स्क्रीनशॉट म्हणजे अॅपने काढलेल्या रंगांची नोंद. पडद्यातून प्रत्यक्ष किती प्रकाश बाहेर पडला, याची ती नोंद नाही. ब्राइटनेसची पट्टी तळाशी असो की टोकाला, स्क्रीनशॉट तोच येतो. नाइट लाइट किंवा नाइट शिफ्टने पडदा पिवळसर केलेला असतो, तो पिवळेपणा सहसा चित्रात उतरत नाही. अँड्रॉइड १२ पासून आलेली 'एक्स्ट्रा डिम' सोयही तशीच.

म्हणून काम दोन भागांत करायचं. कॉन्ट्रास्ट हा दोन रंगांमधला संबंध आहे आणि तो स्क्रीनशॉटवरून मोजता येतो. चकाकी आणि थकवा मात्र डोळे, खोली आणि ब्राइटनेस यांवर ठरतात, त्यामुळे त्यांची परीक्षा फोनवरच घ्यावी लागते. दोन्ही स्क्रीनशॉट दिवसा संगणकावर शेजारी ठेवून 'डार्क छान दिसतो' असं ठरवण्यात हे दोन भाग एकमेकांत मिसळून जातात.

स्क्रीनशॉटचा एक मोठा फायदाही आहे. अनेक अॅपमध्ये फिका मजकूर वेगळ्या रंगाचा नसतो. तो पांढराच असतो, पण ६० टक्के अपारदर्शक असतो. डिझाइनच्या फाइलमध्ये तिथे 'पांढरा' असंच लिहिलेलं दिसतं. स्क्रीनशॉटमध्ये मागचा रंग मिसळून शेवटी तयार झालेली छटा मिळते, आणि वाचकाच्या डोळ्यांपर्यंत जाते ती हीच.

रंग कुठून उचलायचा

चित्र ८०० टक्क्यांपर्यंत मोठं करा. अक्षराची कड पायऱ्यापायऱ्यांची आणि मधल्या छटांची दिसेल. कड गुळगुळीत वाटावी म्हणून फोन मजकुराचा आणि पानाचा रंग तिथे मिसळतो. चित्रातला रंग उचलणारा ड्रॉपर त्या कडेवर टेकवला तर आलेला रंग ना मजकुराचा ना पानाचा, आणि कॉन्ट्रास्ट उगाचच कमी निघतो.

देवनागरीत यावर सोपा उपाय आहे. शिरोरेषा लांब, आडवी आणि बऱ्याचदा एकापेक्षा जास्त पिक्सेल जाड असते. तिच्या मधोमध ड्रॉपर टेकवा, मजकुराचा खरा रंग मिळेल. नंतर त्याच शब्दातल्या एखाद्या बारीक रेघेचा, म्हणजे रफाराचा किंवा वेलांटीच्या टोकाचा रंग घ्या. लहान अक्षरांत ही रेघ एक पिक्सेलही भरत नाही आणि पूर्ण रंगापर्यंत पोहोचतच नाही. शिरोरेषेचा आकडा सूत्रात घालायचा, पण रेघेचा रंग त्यापेक्षा बराच फिका असेल तर शेजारी तशी नोंद करायची. अशा मजकुराचा कागदावरचा कॉन्ट्रास्ट प्रत्यक्षात मिळत नसतो.

ड्रॉपरवर भरवसा नसेल तर मजकुराचा एक तुकडा कापून त्यातले रंग मोजा. इमेजमॅजिकची सातवी आवृत्ती संगणकावर असेल तर लिनक्स किंवा मॅकवर हे चालतं:

```
magick date-dark.png -format %c histogram:info:- | sort -nr | head -5
```

सगळ्यात जास्त पिक्सेल असलेला रंग म्हणजे पान. त्यानंतरच्या रंगांपैकी पानापासून सर्वांत लांबची छटा म्हणजे मजकूर.

आकडा काढणे

वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक तत्त्वांतलं सूत्र साधं आहे. प्रत्येक रंगाची सापेक्ष उजळता काढायची, काळ्यासाठी ० आणि पांढऱ्यासाठी १. दोन्हींत ०.०५ मिळवायचे आणि मोठ्या संख्येला लहानने भागायचं. पांढऱ्यावर काळा म्हणजे २१. साध्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५ हवेत, मोठ्या मजकुराला ३, आणि वरच्या पातळीसाठी ७. हे आकडे देणारी संकेतस्थळं भरपूर आहेत, पण एकाच वेळी अनेक जोड्या तपासायच्या तर आपला छोटा कोड बरा:

```python
def L(h):
    v = [int(h[i:i+2], 16)/255 for i in (0, 2, 4)]
    r, g, b = [c/12.92 if c <= 0.04045
               else ((c+0.055)/1.055)**2.4 for c in v]
    return 0.2126*r + 0.7152*g + 0.0722*b

def ratio(a, b):
    x, y = sorted((L(a), L(b)))
    return (y+0.05)/(x+0.05)

print(round(ratio("757575", "121212"), 2))
```

आपल्या उदाहरणातले आकडे असे येतात:

| मजकूर | लाइट | डार्क |
|---|---|---|
| मुख्य मजकूर | १६.१ | १४.२ |
| तारीख, फोटोओळ | ४.६१ | ४.०७ |
| लिंक | ५.७५ | ३.२६ |
| पिवळी खूण केलेली ओळ | १४.४ | १.१८ |

मुख्य मजकूर दोन्हीकडे उत्तम आहे, आणि तेवढंच पाहिलं असतं तर तपासणी इथेच संपली असती. तारखेचा राखाडी रंग मात्र पांढऱ्यावर जेमतेम पास होतो आणि गडद पानावर नापास. पांढऱ्यासाठी निवडलेली राखाडी छटा डार्क मोडमध्ये तशीच उचलून नेली की हे ठरलेलं असतं. ही तारीख पानाऐवजी थोड्या उजळ `#1E1E1E` चौकटीत असेल तर आकडा ३.६२ पर्यंत घसरतो. म्हणून पान आणि चौकट वेगवेगळी मोजावी लागतात.

खुणेच्या ओळीचा आकडा बघून विश्वास बसत नाही, पण असं घडतं. खुणेचा पिवळा `#FFF59D` दोन्ही मोडमध्ये तोच राहिला आणि त्यावरचा मजकूर डार्क मोडच्या नियमाने उजळ झाला. उजळावर उजळ. वाचकाने जी ओळ महत्त्वाची म्हणून राखून ठेवली, नेमकी तीच रात्री वाचता येत नाही. अॅप बनवणाऱ्यांच्या नजरेतून हे सुटतं, कारण चाचणीच्या नव्या खात्यात खुणा केलेल्या नसतात.

४.०७ हा आकडा जरा फसवा आहे

तक्त्यात ४.६१ आणि ४.०७ हे शेजारी-शेजारी वाटतात. फोनवर बघाल तर डार्क मोडमधली तारीख त्या मानाने खूपच बुडालेली दिसते. तुमचे डोळे बरोबर आहेत, सूत्र इथे कमी पडतं. त्याला मजकूर कुठला आणि पान कुठलं याने फरक पडत नाही. दोन रंगांची अदलाबदल केली तरी उत्तर तेच. शिवाय दोन्ही रंग गडद बाजूचे असले की ते कॉन्ट्रास्ट जास्त दाखवतं.

अँड्र्यू सोमर्स यांनी विकसित केलेली एपीसीए ही नवी पद्धत मजकूर आणि पान वेगळे ओळखते. तिचा आकडा एलसी नावाने दिला जातो. सलग मजकुराला किमान ७५, इतर वाचायच्या मजकुराला ६०, आणि कुठलाही मजकूर ३० च्या खाली नसावा, असा तिचा ढोबळ नियम. तिच्या हिशोबात आपली तारीख पांढऱ्या पानावर ७२ मिळवते आणि गडद पानावर फक्त २९. उजळ मजकूर गडद पानावर असेल तर तिचा आकडा उणे चिन्हासह येतो. ते चिन्ह फक्त दिशा सांगतं, तेव्हा ते सोडून वाचा.

ही पद्धत अजून अधिकृत मानक झालेली नाही, त्यामुळे नियमांच्या पूर्ततेसाठी डब्ल्यूसीएजीचाच आकडा द्यावा लागतो. रात्रीच्या डार्क पानावर मात्र मी दोन्ही काढतो आणि निर्णय एपीसीएवर घेतो. डोळ्यांच्या अनुभवाशी तीच जास्त जुळते.

पडदा एकूण किती प्रकाश टाकतो

आता दुसरी बाजू. पूर्ण स्क्रीनशॉटची सरासरी उजळता काढा:

```
magick light.png -alpha off -colorspace LinearGray -format "%[fx:mean]\n" info:
magick dark.png -alpha off -colorspace LinearGray -format "%[fx:mean]\n" info:
```

`LinearGray` महत्त्वाचं आहे. साध्या `Gray` मध्ये फाइलमधल्या आकड्यांची सरासरी निघते, आणि ती प्रकाशाच्या प्रमाणात नसते. अक्षरांनी पडद्याचा साधारण आठवा भाग व्यापला असेल तर आपल्या उदाहरणात लाइटसाठी ०.८८ आणि डार्कसाठी ०.१० च्या आसपास उत्तर येईल. म्हणजे पट्टी एकाच जागी असताना लाइट पान नऊपट प्रकाश टाकतं. शेजारी कुणी झोपलेलं असेल तर हा फरक खरा आहे आणि डार्क मोडच्या बाजूने आहे.

पण पट्टी एकाच जागी राहत नाही. समजा फिकी तारीख दिसावी म्हणून डार्क मोडमध्ये ब्राइटनेस इतका वाढवला की पडद्याचा पांढरा रंग आधीच्या तिप्पट उजळ झाला. एकूण प्रकाश तरीही लाइट पानाच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच आहे. मात्र `#E0E0E0` ची उजळता ०.७५ आहे, आणि तिची तिप्पट म्हणजे सुमारे २.२. लाइट मोडमधल्या पांढऱ्या कागदापेक्षा आता प्रत्येक अक्षराची रेघ दुपटीहून जास्त उजळ आहे, आणि नजर सतत त्या रेघांवरच टिकलेली असते. पडदा एकंदर काळोखा असूनही डोळे का टोचतात, याचं उत्तर मला या हिशोबात मिळतं.

चित्राचाही विचार इथेच करा. लेखात पांढऱ्या पार्श्वभूमीची आकृती असेल आणि ती पडद्याचा तिसरा भाग व्यापत असेल, तर डार्क मोडची सरासरी ०.१० वरून एकदम ०.४ च्या आसपास जाते. स्क्रोल करताना असा पांढरा चौकोन अचानक समोर आला तर अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना तो झोंबतो. याच्या उलटही दोष असतो. पारदर्शक पार्श्वभूमीवर काळ्या रेषांनी काढलेली आकृती डार्क मोडमध्ये जवळजवळ नाहीशी होते.

रात्रीची चाचणी

खोलीतला प्रकाश तुम्ही रात्री वाचताना असतो तसाच ठेवा. कोपऱ्यातला छोटा दिवा लावत असाल तर तो लावा. पूर्ण काळोखात वाचत असाल तर पूर्ण काळोख. चष्मा लावून वाचत असाल तर तो लावून. ऑटो-ब्राइटनेस, नाइट लाइट आणि ट्रू टोन बंद करा. पडद्याकडे न बघता दहा मिनिटं त्या प्रकाशात थांबा. उजेडातून आल्या आल्या केलेल्या चाचणीत डार्क मोड उगाच नापास होतो.

दोन मोड शेजारी-शेजारी ठेवून बघू नका. अर्धा पडदा पांढरा असेल तर त्याच्या उजेडात शेजारच्या गडद अर्ध्यातला फिका मजकूर आणखी बुडतो. गॅलरीतले स्क्रीनशॉट बघण्यापेक्षा अॅपच उघडणं चांगलं. स्क्रीनशॉटच बघायचे असतील तर त्याच फोनवर, पूर्ण पडद्यावर, न ताणता, एका वेळी एक.

सुरुवात डार्क मोडने करा. ब्राइटनेस तळाशी न्या आणि हळूहळू वाढवत जा. तारीख आणि फोटोओळ न थबकता वाचता आली की थांबा आणि पट्टीची जागा टिपून ठेवा. आता त्याच ब्राइटनेसवर मुख्य मजकुराची दोन-तीन पानं सलग वाचा. नंतर डोळ्यांना थोडी विश्रांती देऊन लाइट मोडमध्येही हेच करा. पट्टीवरचे टक्के म्हणजे प्रकाशाचे टक्के नव्हेत, पट्टी आणि प्रकाश सम प्रमाणात वाढत नाहीत. त्यामुळे '४० म्हणजे २० च्या दुप्पट' असं गणित मांडू नका. दोन जागांमध्ये कुठली वर आणि कुठली खाली, एवढाच निष्कर्ष काढा.

वाचताना तीन गोष्टींकडे लक्ष ठेवा. पहिली, अक्षरांभोवती पसरणारी प्रभा. अंधारात बाहुली मोठी होते आणि डोळ्याच्या भिंगातले दोष जास्त जाणवतात. दृष्टिवैषम्य, म्हणजे सिलिंड्रिकल नंबर असलेल्यांना गडद पानावरची उजळ अक्षरं फुटल्यासारखी दिसतात. देवनागरीसाठी यावर नेमकी परीक्षा आहे. 'ध' आणि 'भ' यांची शिरोरेषा सुरुवातीला तुटलेली असते, 'घ' आणि 'म' यांची सलग. प्रभा पसरली की ती फट बुजते. एका चिठ्ठीवर 'धन घन धाव घाव भर मर भात मात' असं लिहून अॅपमध्ये किंवा नोट्समध्ये उघडा आणि हात लांब करून वाचा. लाइट मोडमध्ये नीट वाचता येणारी जोडी डार्क मोडमध्ये गोंधळात टाकत असेल, तर मुख्य मजकूर तुमच्या डोळ्यांसाठी फार उजळ आहे किंवा अक्षर फार लहान आहे. अनुस्वाराचं टिंब शिरोरेषेला चिकटून दिसणं हीसुद्धा तीच खूण.

दुसरी गोष्ट, पान वाचून झाल्यावर नजर अंधाऱ्या भिंतीकडे वळवा. ओळींचे पट्टे काही क्षण तरळत राहिले तर अक्षरांची उजळता जास्त आहे. तिसरी, फक्त ओलेड पडद्यांसाठी: पान पूर्ण काळं `#000000` असेल तर हळू स्क्रोल करताना अक्षरांमागे सावलीसारखा ओघळ दिसतो का बघा. बंद पिक्सेल पुन्हा उजळायला किंचित जास्त वेळ घेतात, म्हणून तो दिसतो. `#121212` सारख्या पानावर तो सहसा कमी होतो.

लाइट मोडला आधीच बाद करू नका. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उजळ पानावरची गडद अक्षरं वाचण्याचं काम तरुण आणि वयस्कर, दोन्ही गटांना जास्त चांगलं जमलं होतं. उजळ पानामुळे बाहुली आकसते आणि प्रतिमा रेखीव होते, हे त्यामागचं स्पष्टीकरण. तो अभ्यास अंधारात तासभर वाचण्याचा नव्हता, पण सिलिंड्रिकल नंबर असलेल्या वाचकाला ब्राइटनेस अगदी खाली नेलेलं लाइट पान डार्कपेक्षा सोसवतं, यात आश्चर्य वाटायला नको.

काय बदलायचं

अॅप तुमचंच असेल, तर आधी फिका मजकूर वर आणा आणि मग मुख्य मजकूर थोडा खाली. आपल्या उदाहरणात तारखेचा रंग डार्क मोडपुरता `#B0B0B0` केला तर डब्ल्यूसीएजीचा आकडा ८.६ होतो आणि एपीसीएचा ५९, म्हणजे साठच्या उंबरठ्यावर. तिची उजळता जवळजवळ अडीचपट वाढल्यामुळे वाचकाला ब्राइटनेस तेवढा खाली आणता येतो. मुख्य मजकूर `#E0E0E0` वरून `#CCCCCC` केला तर एपीसीएचा आकडा ८७ वरून ७५ वर येतो, डब्ल्यूसीएजीचा ११.७ राहतो, आणि रेघांची उजळता सुमारे पाचव्या हिश्शाने घटते. आणखी खाली जाऊ नका.

यात एक अडचण येते, ती डिझायनर लगेच दाखवून देतील. आता तारीख आणि मजकूर यांच्या छटा जवळ आल्या, मग मुख्य काय आणि दुय्यम काय हे कळणार कसं? डार्क मोडमध्ये हा भेद रंगाने करण्याऐवजी आकाराने, जाडीने आणि मोकळ्या जागेने करावा, असं मला ठामपणे वाटतं. गडद पानावर छटांच्या पायऱ्यांना जागाच थोडी असते.

लिंकसाठी फिकट निळा `#90CAF9` घेतला तर आकडा १०.७ येतो. खुणेच्या ओळीवर दोन मार्ग आहेत: पिवळा तसाच ठेवून त्यावरचा मजकूर पुन्हा `#212121` करायचा, किंवा खुणेसाठीच गडद पिवळसर-तपकिरी छटा घ्यायची. रात्रीसाठी दुसरा बरा, कारण पहिल्यात पडद्यावर उजळ पट्टा तयार होतो. बदल झाले की त्याच पानाचे स्क्रीनशॉट पुन्हा घेऊन तक्ता पुन्हा भरा. एक छटा बदलली की ती वापरणारी दुसरीच एखादी चौकट बिघडलेली सापडते.

अॅप दुसऱ्याचं असेल तर रंग तुमच्या हातात नाहीत, पण अक्षरांचा आकार आणि बहुतेक फोनमध्ये जाडी तुमच्या हातात आहे. आधी आकार एक पायरी वाढवा. फिक्या मजकुराला त्याचा जास्त फायदा होतो, कारण त्याच्या बारीक रेघा तेव्हा कुठे पूर्ण रंगापर्यंत पोहोचतात. जाडी मात्र जपून वाढवा. गडद पानावर उजळ अक्षरं मुळातच जाड भासतात, आणि 'ध'ची फट पुन्हा बुजू शकते. अॅपमध्ये सेपिया किंवा राखाडी अशी तिसरी थीम असेल तर तिचाही स्क्रीनशॉट घेऊन तक्त्यात तिसरा रकाना करा. नाइट लाइट सगळ्यात शेवटी सुरू करा. त्याने पडद्याचा निळा घटक घटतो, आणि डार्क पानावरची आधीच बुडालेली निळी लिंक आणखी बुडते.

अॅप बनवणाऱ्यांना कळवणार असाल तर 'डार्क मोडमध्ये नीट दिसत नाही' एवढंच लिहू नका. मूळ पीएनजी, ज्या मजकुराबद्दल तक्रार आहे त्याचा मोठा केलेला तुकडा, दोन्ही रंगांचे कोड आणि आलेला आकडा पाठवा. 'तारीख `#757575`, पान `#121212`, कॉन्ट्रास्ट ४.०७, किमान हवा ४.५' अशी एक ओळ मिळाली की समोरच्याला नेमकं काय बदलायचं ते लगेच कळतं.